नसलेल्या गवंड्यांचं काम माझ्या नावावर

'साइटची मजूर-कार्यक्षमता असमाधानकारक' हा शेरा माझ्या नावापुढे लागला, त्याच अहवालात एक ओळ वर कंत्राट विभागाच्या साहेबांच्या नावावर ११,४०० रुपयांची बचत दाखवली होती. निर्णय एकच, तोही त्यांचा. त्यातला फायदा त्यांना मिळाला आणि तोटा मला. राग अजून गेलेला नाही. पण हिशेबाची ही मांडणी पुष्कळ ठिकाणी अशीच चालते, म्हणून साइटवरच्या माणसांसाठी आकड्यांसकट लिहितो.

आतल्या भिंतींच्या प्लास्टरचं काम होतं. ठरलेली टोळी दहा जणांची: पाच गवंडी, रोज ९०० रुपये, आणि पाच बिगारी, रोज ६००. या टोळीने दिवसाला ५० चौ. मी. प्लास्टर करायचं. टोळीचा दिवसाचा खर्च ७,५०० रुपये, म्हणजे चौरस मीटरला १५० रुपये मजुरी. होळीला गावी गेलेले गवंडी परत आले नाहीत. मी कळवलं की गवंडी मिळेपर्यंत टोळी लहान करू या. वरून उत्तर आलं, 'डोकी दहाच ठेवा.' तीन गवंडी आणि सात बिगारी पाठवले गेले. गवंड्यांचा रोजही टंचाईमुळे ९५० झाला.

या टोळीने वीस दिवस हजेरी लावली. त्यातला एक दिवस वाळूची गाडी आली नाही म्हणून पूर्ण वाया गेला. उरलेल्या एकोणीस दिवसांत ७६० चौ. मी. प्लास्टर पास झालं. मजुरी गेली १,४१,००० रुपये. ७६० मीटरला १५० च्या दराने १,१४,००० व्हायला हवे होते. फरक २७,००० रुपयांचा. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही, पैसे जास्त गेले हे खरंच आहे.

या २७,००० ची फोड अशी होते. गवंड्यांच्या साठ हजेऱ्यांवर ५० रुपये जादा, म्हणजे ३,००० रुपये दरामुळे. वाया गेलेल्या दिवसाचे तीन गवंडी आणि सात बिगारी ठरलेल्या दराने ६,९०० रुपये. (पहिल्या अहवालात हेही कार्यक्षमतेतच ढकललं होतं. वाळू न येण्याशी गवंड्याच्या हाताचा काय संबंध? मस्टरवर त्या दिवसापुढे कारण लिहिलेलं होतं म्हणून ते वेगळं निघालं.) उरल्या कामाच्या १९० हजेऱ्या. ठरलेल्या प्रमाणात त्या ९५ गवंडी आणि ९५ बिगारी अशा असत्या. प्रत्यक्षात ५७ आणि १३३ होत्या. महाग माणसाच्या ३८ हजेऱ्या कमी, स्वस्त माणसाच्या ३८ जास्त, प्रत्येकी ३०० रुपयांचा फरक: ११,४०० रुपयांचा अनुकूल मिक्स व्हेरियन्स. हा साहेबांच्या नावावर. मग यील्ड व्हेरियन्स: १९० हजेऱ्यांत माणशी पाच मीटरने ९५० मीटर व्हायला हवं होतं, झालं ७६०. कमी पडलेल्या १९० मीटरचे १५० प्रमाणे २८,५०० रुपये प्रतिकूल. हा माझ्या नावावर.

बेरीज जुळते: ३,००० आणि ६,९०० आणि २८,५००, त्यातून ११,४०० वजा, बरोबर २७,०००. बेरीज जुळली म्हणून अकाउंट्सवाल्यांनी फाइल बंद केली.

मी मात्र त्या ९५० या आकड्याकडे बघत राहिलो. तो आला कुठून? गवंडी दिवसाला दहा मीटर करतो असं धरून टोळी ठरवली होती, त्यामुळे ९५० मीटरसाठी गवंड्यांच्या ९५ हजेऱ्या लागतात. होत्या ५७. म्हणजे गवंड्यांच्या ज्या ३८ हजेऱ्या लागल्या नाहीत म्हणून बचत दाखवली, त्याच ३८ हजेऱ्यांचं ३८० मीटर काम यील्डच्या ओळीत माझ्याकडून मागितलं होतं! एका ओळीत ते गवंडी नव्हते म्हणून शाबासकी, खालच्या ओळीत ते होते असं धरून शेरा. हे दिसलं त्या दुपारी मला पुढे जेवण गेलं नाही.

आणि आलेल्या गवंड्यांनी काय केलं ते बघा. ५७ हजेऱ्यांचं ठरलेलं काम ५७० मीटर होतं, त्यांनी ७६० केलं. माणशी दहाऐवजी तेरा मीटरच्या वर. हाताशी बिगारी जास्त असल्याने त्यांना पहाड हलवायला, घमेलं आणायला खाली उतरावं लागलं नाही. ज्या माणसांनी ठरल्यापेक्षा एक तृतीयांश जास्त काम उरकलं, त्यांच्या टोळीला 'असमाधानकारक' म्हटलं गेलं, हे मला माझ्या शेऱ्यापेक्षा जास्त लागलं.

पण जास्तीच्या बिगाऱ्यांचा उपयोग तिथेच संपतो. बिगारी ओळंबा धरून भिंत सरळ करू शकत नाही, रंधा मारू शकत नाही. सातजण माल कालवत होते आणि तीन थाप्या तो लावत होत्या. पाणी घातलेला माल अर्ध्या तासात भिंतीवर गेला नाही तर आम्ही टाकून देतो, आणि रोज संध्याकाळी असा माल टाकावा लागत होता. तो सिमेंट-वाळूच्या खात्यात गेला. मजुरीच्या अहवालात त्याचा मागमूस नाही.

तीन गवंडी आणि तीन बिगारी ठेवले असते तर दिवसाला ४,६५० रुपयांत ३० मीटर, म्हणजे मीटरला १५५ रुपये पडले असते. दहाजणांच्या टोळीचे, वाया दिवस सोडूनही, १७६ पडले. काम पंचवीस दिवसांच्या थोडं वर गेलं असतं. तारखेची घाई असेल तर २१ रुपये जास्त देणं चुकीचं नाही, पण मग तसं लिहून द्यावं.

आता ज्यांच्यावर हे यायचं आहे त्यांच्यासाठी. मस्टरवर गवंडी, बिगारी आणि वाया हजेरी यांचे तीन वेगळे रकाने ठेवा आणि वाया हजेरीचं कारण त्याच दिवशी लिहा. महिनाअखेरीला आठवून लिहिलेलं कोणी मानत नाही. मोजमाप रोज घ्या, आणि वाजवून पोकळ निघालेलं प्लास्टर त्याच दिवशी वगळा. वरिष्ठांशी संबंध चांगले ठेवा, तोंडी हुकमावर विसंबू नका, हे सगळेच सांगतात, मीही सांगतो.

खरं महत्त्वाचं पुढचं आहे. टोळीची रचना बदलल्याचं कळेल त्याच दिवशी लेखी विचारा: या टोळीचं दिवसाचं ठरलेलं काम किती धरायचं? माझ्या टोळीला ५० नव्हे, ३० चं उत्तर यायला हवं होतं, फार तर थोडं वर. हा आकडा आधी ठरला तर नंतर कोणी जुन्या टोळीच्या मापाने तुमची टोळी मोजू शकत नाही. आणि मिक्स आणि यील्ड कधीही दोन नावांवर वाटू देऊ नका. रचना एकाने बदलली असेल तर दोन्हींची बेरीज त्याच्याचपुढे मांडायला लावा. माझ्या बाबतीत ती बेरीज १७,१०० रुपये प्रतिकूल होती. गवंड्यांची बचत ३४,२०० आणि बिगाऱ्यांचा जादा खर्च २२,८०० असे सुटे आकडे कोणी दाखवले तर त्यावर वाद घालत बसू नका, ते एकमेकांशिवाय काहीच सांगत नाहीत.

हा सगळा हिशेब मी एका पानावर मांडून दिला. अकाउंट्सच्या एका तरुण मुलीने तो तपासला आणि 'सर, बरोबर आहे' म्हणाली. कंत्राट विभागाच्या साहेबांनी पान वाचलं, 'पद्धत अशीच आहे' म्हणाले आणि परत दिलं. शेरा निघालेला नाही. ते पान, मस्टरच्या प्रती आणि 'डोकी दहाच ठेवा' हा मेसेज मी अपिलाला जोडला आहे.