खांद्याला धरून उचलून पाहा

प्रश्न : २०२१ मध्ये वरुड तालुक्यात वर्धा नदीत नाव उलटली, तेव्हापासून धास्ती वाटते. चिखलदऱ्याच्या बोटिंगसाठी लेकरांना फुगणारं जाकीट घ्यावं की फोमचं?
— एक वाचक, अकोला

उत्तर : फोमचंच. फुगणाऱ्याला गॅसचा सिलिंडर लागतो. एकदा फुगलं की तो बदलायचा, शिवाय दरवर्षी तपासणी. इकडे नवा सिलिंडर शोधत कुठे फिरणार? ‘५० न्यूटन’चं जाकीट पोहणाऱ्यांसाठी असतं, ते बेशुद्धाचं तोंड वर वळवेलच असं नाही. १०० न्यूटनचं, कॉलरवालं, लेकराच्या वजनाचं घ्या. पट्टे आवळून जाकीट खांद्यांना धरून वर ओढा. कानापर्यंत सरकलं, तर मोठं आहे. मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच. बोटवाल्याचं जाकीट असेल तर फोम दाबून पाहा. दबलेलाच राहिला, तर दुसरं मागा.