कागदावर हरवलेली फॅट

आमच्या गावच्या दूध संस्थेत मी सचिव म्हणून आलो तेव्हा सभासदांचा सगळा राग टेस्टरवर होता. रोजच्या उत्पादकवार गोषवाऱ्यात म्हशीच्या दुधाची जी सरासरी फॅट दिसायची, तिच्यापेक्षा संघाच्या पावतीवर ती पॉइंटभर कमी लागायची. टँकर उन्हात थांबतो म्हणून फॅट घटते, इथपासून टेस्टर साय खातो, इथपर्यंत लोकांची कारणं तयार होती. दूध मात्र चोख होतं. घोळ गोषवाऱ्यात होता.

एका सभासदाच्या पावत्या घेऊन बसलो. सकाळी ६ लिटर, फॅट ६.२. संध्याकाळी ४ लिटर, फॅट ७.२. गोषवाऱ्यात दिवसाची फॅट ६.७ छापलेली, म्हणजे दोन आकड्यांची बेरीज करून निम्मी केलेली. खरा हिशेब असा: ६ गुणिले ६.२ म्हणजे ३७.२, ४ गुणिले ७.२ म्हणजे २८.८. बेरीज ६६, तिला १० लिटरनं भागलं की ६.६.

आता गंमत बघा. रात्रीचं अंतर मोठं असल्यानं सकाळी म्हैस दूध जास्त देते आणि फॅट कमी लागते. संध्याकाळी बहुधा उलटं. त्यामुळे हा फरक सभासदागणिक एकाच बाजूला पडतो, एकमेकांत फिटत नाही. दिवसाला ६०० लिटर संकलन असेल तर एका पॉइंटनं जवळपास ६०० ग्रॅम फॅट कागदावरच ‘गहाळ’ होते. बिल प्रत्येक वेळच्या फॅटवर निघतं, म्हणून पैसे बरोबर. पण गोषवाऱ्यातली फॅट दरपत्रकाला लावून पाहणाऱ्याला आपण लुबाडले गेलो असंच वाटणार.

तुमच्या संस्थेतली सरासरी कशी काढतात ते एका पावतीवरून स्वतः ताडून पाहा. एखाद्या वेळी दूध घातलं नसेल तर तिथं फॅट शून्य धरली आहे का, तेही बघा. तसं असेल तर ६.४ ची फॅट दिवसाला ३.२ दिसते आणि चांगल्या म्हशीच्या मालकावर पाण्याचा आळ येतो. गाय-म्हैस एकाच कोडवर असली तरी ओळी वेगळ्याच हव्यात.

संघ वजन किलोत धरत असेल तर आधी लिटरला १.०३ नं गुणा. नाहीतर शंभर लिटरमागे तीन किलोची वाढ दिसते आणि तिच्याआड खरी घट लपते.

एवढं करूनही फरक उरला, तर मग टेस्टरकडे जा. नमुना काढण्याआधी दूध ढवळलं होतं का, हा पहिला प्रश्न. दूध स्थिर राहिलं की साय वर येते, आणि न ढवळता वरून नमुना घेतला की फॅट हमखास जास्त लागते. त्या जास्तीच्या फॅटचे पैसे सभासदाला जातात, संस्थेला संघाकडून ते कधीच मिळत नाहीत.