निकालपत्रकापासून फळ्यापर्यंत : शिक्षक कार्यशाळेची आखणी

पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांमुळे परजिल्ह्यांतून व परप्रांतांतून आलेल्या कामगारांची मुले खेड तालुक्यातील शाळांत एकत्र शिकतात. राज्यात 2023-24 मध्ये नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या. त्यांचे गुण नोंदले जातात. परंतु त्या गुणांवरून उद्याचा पाठ कसा बदलावा, हे एकूण गुणांच्या रकान्यातून कळत नाही. त्यासाठी केंद्राच्या शिक्षण परिषदेत किंवा शाळेतच दोन तासांची कार्यशाळा घेता येईल.

केंद्रप्रमुखांनी किंवा मुख्याध्यापकांनी विषय एकच ठेवावा आणि शिक्षकांना निकालपत्रकाबरोबर मुलांच्या उत्तरपत्रिकाही आणावयास सांगावे. पहिल्या तासात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे गुणांनुसार न करता एका प्रश्नाच्या उत्तरांनुसार करावेत.

उदाहरणार्थ, चौथीच्या 32 मुलांना 503 वजा 278 हा प्रश्न दिला आहे, असे समजू. 14 मुलांचे उत्तर 225, म्हणजे बरोबर आले. 9 मुलांनी 375 लिहिले. त्यांनी प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. 6 मुलांनी 235 लिहिले. त्यांनी शतक सुटे केले, परंतु एककासाठी एक दशक दिल्यावर दशकस्थानी 9 उरतात, हे ते विसरले. उरलेल्या तिघांची उत्तरे निरनिराळी आहेत. गुण सर्वांना शून्यच. उपाय मात्र वेगळा. पहिल्या गटाला काड्यांचे गठ्ठे सोडून वजाबाकी करू द्यावी. दुसऱ्या गटाला शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा व त्यांतील एकीचे सुटे रुपये करावयास लावावे. तिघांना मात्र आधी जवळ बसवून, उत्तर कसे काढले ते विचारावे.

येथे एक दक्षता हवी. शाब्दिक उदाहरण चुकले असता तीच वजाबाकी केवळ अंकांत द्यावी किंवा मुलाच्या घरच्या भाषेत विचारावी. ती जमली, तर अडचण गणिताची नसून मराठी वाक्याची आहे. तसेच एकाच प्रश्नावरून निष्कर्ष काढू नये. त्याच प्रकारची आणखी दोन उदाहरणे पाहावीत.

दुसऱ्या तासात प्रत्येक शिक्षकाने एका गटासाठी एक पाठ लिहावा व सहकाऱ्यांसमोर करून दाखवावा. "पुन्हा सराव घेईन" एवढेच लिहिले असेल, तर आखणी अपुरी समजावी. शाळाशाळांची तुलना सुरू झाली, तर शिक्षक कच्च्या उत्तरपत्रिका पुढे ठेवणार नाहीत. म्हणून क्रमवारी लावू नये.

दोन आठवड्यांनी 604 वजा 237 यासारखी चार-पाच उदाहरणे द्यावीत. 367 ऐवजी 433 आले, तर पहिली चूक कायम आहे; 377 आले, तर दुसरी. पुढच्या बैठकीचे काम तेथूनच सुरू करावे.