सर्व्हेचा तास नेमका कितीला पडतो?

घरबसल्या सर्व्हे भरून किंवा मोबाइलवर छोटी छोटी कामं करून पैसे मिळतात का, या प्रश्नाचं उत्तर 'हो, मिळतात' असंच द्यावं लागेल. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. तासाला किती मिळतात? इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो, कारण ते साइटवर लिहिलेला दर धरून चालतात. 'पंधरा मिनिटं, पंच्याहत्तर पॉइंट' हा दर फक्त पूर्ण झालेल्या आणि मंजूर झालेल्या कामाचा असतो. काम शोधण्यात, अर्ध्यावर बाद होण्यात आणि करून दिलेलं काम नाकारलं जाण्यात जो वेळ जातो, तो त्यात कुठेच धरलेला नसतो. रिक्षावाला दिवसाची कमाई मोजताना रिकाम्या फेऱ्याही धरतो, तसाच हा हिशेब मांडायला हवा. या क्षेत्रात बराच वेळ घातल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: फुकट गेलेल्या वेळाचा भुर्दंड साइट कोणाच्या माथी मारते, एवढं पाहिलं की ती आपल्या वेळेच्या लायकीची आहे की नाही हे कळतं.

या म्हणण्याला भक्कम आधार आहे. अॅमेझॉनचं मेकॅनिकल टर्क 2005 मध्ये सुरू झालं आणि मायक्रोटास्क नावाचा प्रकार त्यानेच जगभर रुजवला. फोटोत काय आहे ते सांगायचं, पावतीवरचे आकडे उतरवायचे, दोन वाक्यांचा अर्थ एकच आहे का ते ठरवायचं, अशी ही कामं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तिथल्या 2,676 कामगारांनी केलेल्या सुमारे 38 लाख कामांची नोंद तपासली गेली. बिनपगारी वेळ धरल्यावर मधल्या कामगाराची कमाई तासाला जेमतेम दोन डॉलर निघाली. अमेरिकेतलं 7.25 डॉलरचं किमान वेतन ओलांडणारे फक्त चार टक्के होते. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. काम देणाऱ्यांचा सरासरी दर तासाला अकरा डॉलरच्या वर होता. म्हणजे बरे पैसे देणारे लोक तिथे होते. पण कमी पैसे देणारे कितीतरी जास्त कामं टाकत होते, त्यामुळे कामगारांच्या वाट्याला बहुतांशी तीच येत होती.

सर्व्हेच्या साइटवर वेळ फुकट जाण्याचं कारण थोडं वेगळं आहे. एखाद्या कंपनीला गेल्या सहा महिन्यांत दुचाकी घेतलेल्या, ठरावीक वयाच्या ठरावीक संख्येच्या लोकांची मतं हवी असतात. कंपनी पैसे देते ते पूर्ण झालेल्या उत्तरांचे. त्या अटीत बसणारा माणूस सापडेपर्यंत साइट मिळेल त्याला आत सोडते आणि चाळणीचे प्रश्न विचारत राहते. तुम्ही बसत नसाल तर 'या सर्व्हेसाठी आपण पात्र नाही' असा निरोप येतो. बसत असाल, पण त्या वयोगटाची भरती आधीच पुरी झाली असेल, तर 'कोटा फुल' म्हणून बाहेर. कधी कधी ही चाळणी दहा मिनिटांनी, निम्मे प्रश्न झाल्यावर लागते. साइटला यात काहीच खर्च येत नाही, म्हणून चाळणी आधी लावण्याची तिला घाईही नसते. चाळणीचा सगळा खर्च भरणाऱ्याच्या वेळातून वसूल होतो.

हे एका नमुन्यावर नीट मांडून पाहू. शंभर पॉइंटचा एक डॉलर आणि डॉलर 85 रुपयांचा धरू. पंधरा मिनिटांच्या सर्व्हेला 75 पॉइंट, म्हणजे कागदावर तासाला तीन डॉलर, 255 रुपये. आता प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. पहिला सर्व्हे चार मिनिटांनी बाद करतो, दुसरा तीन मिनिटांनी 'कोटा फुल' सांगतो, तिसरा नऊ मिनिटं घेऊन बाहेर काढतो. चौथा पूर्ण होतो, पण पंधराऐवजी बावीस मिनिटं खातो. मधल्या शोधाशोधीत आणि तेच ते वय, शिक्षण, उत्पन्न पुन्हा भरण्यात सात मिनिटं जातात. एकूण 45 मिनिटांत 75 पॉइंट, म्हणजे तासाला एक डॉलर, 85 रुपये. जाहीर दराचा एक तृतीयांश. यात कोणी फसवणूक केलेली नाही. सगळं नियमाप्रमाणेच झालं आहे.

हे 85 रुपयेही अजून हातात आलेले नाहीत. बहुतेक साइट ठरावीक रक्कम जमल्याशिवाय पैसे काढू देत नाहीत. ही मर्यादा दहा डॉलर असेल तर वरच्या वेगाने तिथे पोहोचायला दहा तास लागतात, आणि आठ तासांनी कंटाळून सोडणाऱ्याची कमाई शून्य होते. काही ठिकाणी बराच काळ खातं वापरलं नाही की जमलेले पॉइंटही रद्द होतात. पैसे पेपालने आले तर भारतातल्या खात्यात डॉलर साठवता येत नाहीत. ते रुपयांत बदलून बँकेत जमा होतात आणि या बदलात बाजारभावापेक्षा कमी दर मिळतो. म्हणून नोंदणी करण्याआधी पहिली वाचायची गोष्ट म्हणजे पैसे काढण्याची किमान मर्यादा.

मग वेळ घालावा असं काही आहे का? आहे, आणि ते ओळखण्याची खूण वर सांगितलेलीच आहे. 2014 मध्ये ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेल्या प्रोलिफिकवर संशोधकांना तासाला किमान सहा पौंड किंवा आठ डॉलर द्यावे लागतात. तुमची माहिती आधीच घेऊन ठेवलेली असते, त्यामुळे अटीत बसणारेच अभ्यास समोर येतात. अभ्यासात शिरल्यावर चाळणी लावायची असेल तर तिच्या वेळाचेही पैसे संशोधकाने द्यायचे असतात. नकाराचा खर्च काम देणाऱ्यावर टाकला की काय फरक पडतो, हे इथे दिसतं. अडचण अशी की तिथली नोंदणी ठरावीक देशांतल्या रहिवाशांनाच खुली असते, प्रतीक्षा यादीही असते आणि रोज पुरेसे अभ्यास मिळतीलच असं नाही. ब्रिटन, अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांसाठी ही पहिली पसंती म्हणता येईल. मात्र विद्यार्थी किंवा अवलंबित व्हिसावर असणाऱ्यांनी अशा कमाईला परवानगी आहे का, ते आधी तपासावं.

भारतात बसून करण्यासारख्यापैकी गुगल ओपिनियन रिवॉर्ड्समध्ये चाळणीचा त्रास जवळजवळ नाही. दोन-चार प्रश्न, काही सेकंद आणि थोडेसे पैसे. सेकंदांच्या हिशेबाने हा दर चांगला आहे, पण प्रश्न कधी येतील ते आपल्या हातात नसतं आणि अँड्रॉइडवर मिळणारी रक्कम प्ले स्टोअरमध्येच, तीही वर्षभरात, वापरावी लागते. अॅपचा खर्च भागवायला ठीक. उत्पन्न म्हणून तिच्याकडे बघू नये. तिसरं उदाहरण मराठीशी थेट जोडलेलं आहे. बेंगळुरूची 'कार्य' ही संस्था मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या संशोधनातून पुढे आली. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात महाराष्ट्रातल्या ग्रामीण आणि शहरी, कमी उत्पन्नाच्या लोकांनी मोबाइलवर मराठी वाक्यं वाचून शंभर तासांहून अधिक आवाजाची नोंद तयार केली होती. संस्थेने नंतर तासाला किमान पाच डॉलरचा दर जाहीर केला. मराठी नीट वाचता येणं हेच इथे कसब ठरतं आणि पात्रता काम सुरू होण्याआधी ठरते. पण हे काम प्रकल्पापुरतं असतं आणि एका माणसाला किती मिळावं यालाही मर्यादा असते. संधी आली तर जरूर घ्यावी, तिच्या भरवशावर महिन्याचं बजेट मांडू नये.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: अमेरिकेत दोन डॉलर कमी असतील, आपल्याकडे तासाला दीडशेच्या वर रुपये म्हणजे काय वाईट? दर खरंच तेवढा पडला तर वाईट नाही, हे मी मान्य करतो. पण तो आकडा प्रामुख्याने अमेरिकेतल्या कामगारांचा आहे. चांगल्या दराची अनेक कामं अमेरिकेतल्या खात्यांपुरतीच खुली असतात, सर्व्हेचंही तेच. व्हीपीएन लावून अमेरिकेत असल्याचं दाखवणाऱ्यांची खाती बंद होतात आणि जमलेले पैसेही जातात. दुसरा आक्षेप रिकाम्या वेळाचा: नाहीतरी लोकलमध्ये बसलेलोच असतो. सेकंदांत संपणाऱ्या प्रश्नांना हे लागू पडतं. वीस मिनिटांचा सर्व्हे मात्र पूर्ण लक्ष मागतो. त्यात 'इथे तिसरा पर्याय निवडा' अशा मुद्दाम पेरलेल्या ओळी असतात, त्या चुकल्या की सगळी मेहनत वाया. तिसरा आक्षेप, की काहीजण यातून महिन्याला हजारो कमावतात. असे लोक असतात, पण त्यांची कमाई तपासताना सर्व्हेची किती आणि आपल्या लिंकवरून इतरांना जोडून मिळालेली किती, हे वेगळं करून विचारावं. व्हिडिओत दाखवलेल्या कमाईत हा फरक सहसा सांगितलेला नसतो.

मायक्रोटास्कमध्ये नकाराचा फटका जास्त बसतो. मेकॅनिकल टर्कवर काम देणाऱ्याने ते नाकारलं तर पैसे मिळत नाहीत, शिवाय मंजुरीची टक्केवारी घसरते आणि पुढची चांगली कामं दिसेनाशी होतात. म्हणून अनोळखी काम देणाऱ्याची शंभर कामं एकदम करून ठेवू नयेत. आधी दोन-तीन करावीत, मंजुरी आणि पैसे येईपर्यंत थांबावं, मगच वाढवावीत.

एक रेषा मात्र स्पष्ट आखलेली असावी. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. टेलिग्रामवर लाइक आणि रिव्ह्यूचे पहिले दीडशे रुपये खरोखर मिळतात आणि मग 'प्रीपेड टास्क'साठी हजार, दहा हजार भरायला सांगतात, ती सरळ फसवणूक असते. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने अशा शंभराहून अधिक साइट बंद केल्या. नव्या उघडत राहतात. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

कोणतीही साइट निवडली तरी एक आठवडा वहीत नोंद ठेवा: साइट उघडली ती वेळ, बंद केली ती वेळ, खात्यात मंजूर झालेली रक्कम. आठवड्याअखेर काढता येण्याजोग्या रकमेला सगळ्या मिनिटांनी भागा आणि साठने गुणा. येणारा तासाचा दर तुमच्या गावात शिकवणी, टायपिंग किंवा दुकानातल्या तासाला मिळतो त्याच्या निम्माही नसेल, तर किमान मर्यादा जवळ असल्यास तेवढी गाठून पैसे काढा आणि खातं बंद करा. मर्यादा दूर असेल तर जमलेले पॉइंट सोडून द्या. ते मिळवण्यासाठी आणखी तास घालणं म्हणजे त्याच कमी दराने पुन्हा कामाला लागणं.