टोमॅटोची पाने पिवळी : नत्र कमी की लोह?

प्रश्न : टोमॅटोच्या पिवळ्या पानांचे दोन फोटो पाठवत आहे. युरिया देऊनही फरक नाही. काय कमी पडले असेल?

उत्तर : तुमच्या पहिल्या फोटोत एकच तोडलेले पान आहे. ते झाडावर कुठे होते हे कळल्याशिवाय निदान करता येत नाही. दुसऱ्या फोटोत पूर्ण झाड दिसते, म्हणून उत्तर देता आले.

नत्र कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्या शेंड्याला पुरवते. त्यामुळे खालची पाने आधी, शिरांसकट, सारखी फिकट होतात. लोह असे हलत नाही. त्याची कमतरता शेंड्याच्या नव्या पानांवर दिसते: पान पिवळे, शिरा मात्र हिरव्या. तुमच्या झाडाची खालची पाने हिरवीगार आहेत आणि शेंड्याला हिरवी जाळी आहे. हे लोहाचेच लक्षण.

तुमची जमीन चुनखडीची असावी, सामू तपासून घ्या. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, आणि पाणी साचले तर त्रास वाढतो. युरिया थांबवा. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 10 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड मिसळून संध्याकाळी आधी चार-पाच झाडांवरच फवारा. आठवड्याभरात ती पाने हिरवी होऊ लागली तर निदान पक्के. मगच सगळ्या प्लॉटवर फवारणी करा.

पुढचा फोटो सावलीत, पूर्ण झाडाचा काढा. दुपारच्या उन्हात हिरवे पानही पिवळट दिसते.