अंगठी बोटात रुतू लागली तर

सातव्या-आठव्या महिन्यात अनेक जणी मूठ वळून दाखवतात आणि म्हणतात, "डॉक्टर, सकाळी बोटं मिटतच नाहीत." गरोदरपणाच्या अखेरीस शरीरात साधारण सहा ते आठ लिटर जास्तीचं पाणी साठतं. रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, प्रथिनं विरळ होतात आणि पाणी ऊतींमध्ये झिरपतं. दिवसभर ते पायांत उतरतं. रात्री आडवं झाल्यावर पसरतं, म्हणून हात सकाळी तट्ट वाटतात. दोन्ही हात सारखेच सुजलेले असतील, हळूहळू सुजले असतील आणि कामाला लागल्यावर सैल होत असतील, तर ही सूज बहुधा साधी असते. अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या येत असतील, तर मनगटातली नस दबलेली असू शकते. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधल्यास आराम पडतो.

आता तेहतिसाव्या आठवड्यातल्या एका पहिलटकरणीची गोष्ट. सोमवारी सहज निघणारी अंगठी गुरुवारी हलेना, पापण्या जड झाल्या आणि आठवड्यात वजन दोन किलोंनी वाढलं. डोकेदुखी नाही, काही त्रास नाही. "पाणी धरलंय, मीठ बंद कर," असं सासूबाई म्हणाल्या. तरीही ती तपासायला आली, हे फार बरं झालं. रक्तदाब १५०/१०० होता आणि लघवीत प्रथिनं होती. ही प्रीएक्लॅम्पसिया. तिला दाखल करून रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या, रक्ताच्या आणि बाळाच्या तपासण्या केल्या आणि सदतीस आठवडे भरल्यावर प्रसूती केली.

सूज पाहून मी स्वतःसुद्धा हे निदान करू शकत नाही. सूज नसतानाही हा आजार होतो. वीस आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. १६०/११० झाला, डोकं थांबत नाही इतकं दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, उजव्या बरगडीखाली दुखलं किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. एकच हात किंवा एकच पाय सुजून दुखत असेल, तर रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हाही तसंच करा.

मीठ तोडून हा आजार टळत नाही, आणि लघवी जास्त होण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. अंगठी मात्र घट्ट वाटू लागताच काढून ठेवा. अडकलीच तर हात थोडा वेळ उंच धरा, गार पाण्यात बुडवा, साबण लावून हळूहळू फिरवत काढा. बोट निळसर किंवा बधिर झालं, तर ती लगेच कापून घ्या, सोन्याचा विचार करू नका.

हा आजार बाळंतपणानंतरही सहा आठवड्यांपर्यंत उद्भवू शकतो. माहेरी गेलात तरी तिथे रक्तदाब मोजून घ्या.