घशात काटा रुतला, पाव गिळू का?

प्रश्न : काल रात्री पाल्याचा काटा घशात अडकला. आई म्हणते, कोरड्या पावाचा मोठा घास गिळ. गिळू का? – एक वाचक, पनवेल

उत्तर : गिळू नका. बारीक काटा बहुधा वरच, टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी रुततो. कान-नाक-घसा तज्ज्ञ तो बऱ्याचदा चिमट्याने दवाखान्यातच काढतात. पावाच्या घासाने तोच काटा आणखी खोल जातो, मोडतो किंवा अन्ननलिकेत ढकलला जातो. तिथून काढायला भूल द्यावी लागू शकते आणि त्यासाठी पोट रिकामं हवं. गिळताना दर वेळी एकाच जागी टोचत असेल, तर एक्स-रेत दिसला नाही तरी काटा आहे असंच समजा. नुसत्या ओरखड्याचं दुखणं हळूहळू उतरतं. आजच तपासून घ्या. लाळही गिळवत नसेल, छातीत दुखत असेल, श्वास अडत असेल किंवा ताप, रक्त आलं, तर थेट रुग्णालय गाठा.